लघवीची पट्टी कोरी, मग रक्तात शुगर कशी निघाली?

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे, १४ वर्षं डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. सुई टोचायला नको म्हणून रोज सकाळी उठल्यावर लघवीची पट्टी लावतात, ती कायम कोरी. मागच्या आठवड्यात लॅबमध्ये उपाशीपोटी १४२, जेवणानंतर २२८, एचबीए१सी ७.८, पण जेवणानंतरच्या लघवीत फक्त ‘ट्रेस’. बाबा म्हणतात लॅब चुकली. नक्की कोण बरोबर? आणि पट्टी एवढी बिनकामाची असेल तर गरोदर वहिनीला उपकेंद्रात दर वेळी तीच का लावतात?

उत्तर:

लॅब चुकलेली नाही आणि बहुतेक पट्टीही चुकलेली नाही. दोघींना वेगवेगळा प्रश्न विचारला जातोय एवढंच. रक्ताची तपासणी सांगते की या क्षणाला रक्तात किती शुगर आहे, आणि लघवीची पट्टी सांगते की मागच्या वेळी लघवीला जाऊन आल्यापासून आतापर्यंत किडनीने शुगर बाहेर सोडली का. किडनीने सोडलीच नाही तर रक्तात १७० असली तरी पट्टी कोरीच राहणार. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तालुक्याच्या गावात लॅब आहे, आणि तुमच्या बाबांसारखी माणसं कोऱ्या पट्ट्यांची वही घेऊन येतात तेव्हा त्यांना मी हेच आधी समजावून सांगते, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

किडनीत काय होतं ते बघा. आपलं रक्त दिवसभरात इतक्या वेळा गाळलं जातं की साधारण १८० लिटर पाणी गाळून निघतं. त्या पाण्यात शुगरचं प्रमाण रक्ताइतकंच असतं, म्हणजे ज्याची शुगर १०० आहे त्याचीसुद्धा दिवसाला १८० ग्रॅमच्या आसपास शुगर गाळणीतून खाली येते. ती वाया जाऊ नये म्हणून पुढच्या बारीक नळ्यांमध्ये तिला उचलून परत रक्तात टाकणारी यंत्रणा असते, त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास शुगर एकटा एसजीएलटी२ नावाचा वाहक उचलतो आणि उरलेली पुढचा एसजीएलटी१ उचलतो, आणि नॉर्मल माणसाच्या लघवीत पट्टीला कळेल एवढी शुगर राहतच नाही. पण या वाहकांना मर्यादा आहे. रक्तात शुगर साधारण १८० च्या वर गेली की गाळून आलेली सगळी शुगर उचलणं त्यांना जमत नाही आणि उरलेली लघवीत येते. या आकड्याला आम्ही रीनल थ्रेशोल्ड म्हणतो. धरणाचा सांडवा वाहायला लागला की खालच्या गावाला कळतं धरण भरलं, पण सांडवा कोरडा असताना धरण अर्धं आहे, पाऊण आहे की तळाला गेलंय हे खालून कुणालाच सांगता येत नाही, कोऱ्या पट्टीचं अगदी तसंच आहे.

आता डायबेटिस कशाला म्हणतात ते आठवा. उपाशीपोटी १२६ किंवा वर, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीए१सी ६.५ किंवा वर. उपाशीपोटी १२६ ते १८० हा एवढा मोठा पट्टा आहे जिथे माणसाला उघड डायबेटिस आहे आणि पट्टी त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. प्रीडायबेटिस तर सोडूनच द्या, तिथे १०० ते १२५ चा मामला असतो. म्हणून कॅम्पमध्ये नुसती लघवी तपासून कुणी ‘तुम्हाला शुगर नाही’ असं सांगितलं तर त्यावर अजिबात विसंबू नका.

आणि १८० हा आकडाही सगळ्यांना सारखा लागू होत नाही. काहींचा थ्रेशोल्ड १६० ला असतो, काहींचा वर असतो. वय वाढलं आणि डायबेटिस जुना झाला की तो बऱ्याच जणांचा वर सरकतो, २००, २२०, कधी त्याहूनही जास्त. किडनी थकत आली असेल तर गाळणंच कमी होतं, मग नळ्यांपर्यंत शुगरच कमी पोचते आणि रक्तात चांगली चढलेली असतानाही लघवीत फारशी दिसत नाही. म्हणजे जितका जुना पेशंट, जितकी जास्त काळजी घ्यायला हवी, तितकी पट्टी जास्त मुकी.

तुमच्या बाबांचेच आकडे घेऊन बघू. एचबीए१सी ७.८ म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी काढायची तर ७.८ ला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे, उत्तर येतं साधारण १७७. सरासरीच थ्रेशोल्डच्या खाली! त्यात जेवणानंतर २२८ असताना लघवीत नुसता ट्रेस आलाय, म्हणजे बाबांचा स्वतःचा थ्रेशोल्ड १८० नसून २०० च्या पुढे, २२० च्या आसपास असावा असा माझा अंदाज. १८० असता तर २२८ ला पट्टीने चांगला दोन-तीन प्लस रंग दाखवला असता.

आता त्यांची रात्र बघा. साडेआठला जेवण, साडेदहाच्या सुमारास शुगर २२० च्या पुढे, त्या तासाभरात जी काय थोडीशी शुगर सांडली ती झोपायच्या आधी लघवीला गेले तेव्हा निघून गेली. त्यानंतर रात्रभर शुगर १५०-१४० च्या घरात, थ्रेशोल्डच्या बरीच खाली, आणि सकाळी सहाला पट्टी लागते ती या रात्रभराच्या लघवीला. कोरी येणारच. दिवसातली सगळ्यात कमी शुगरची वेळ त्यांनी नेमकी तपासणीसाठी निवडली आहे, आणि वर्षभर रोज केली तरी उत्तर तेच येईल. बाबांना सांगा की त्यांनी पट्टी नीट लावली, वेळ पाळली, वहीत लिहिलं, यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही, पण त्या वेळच्या पट्टीला हे उत्तर देताच येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. बाबा ग्लिमेपिराइड घेतात, आणि ही गोळी शुगर खाली पाडू शकते, विशेषतः जेवण लांबलं, उपास झाला, जुलाब झाले किंवा किडनी कमी काम करत असेल तर. रक्तात शुगर ६० असताना पट्टी कोरी आणि १६० असतानाही कोरी. ७० च्या खाली गेलं की हायपो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, आणि वयस्कर माणसाला घाम-थरथर न होता नुसतंच बरळल्यासारखं किंवा झोपाळल्यासारखं होऊ शकतं. अशा वेळी घरातल्या कुणी पट्टी लावली, ती कोरी आली आणि ‘शुगर वाढलेली नाही, झोपू दे’ असं ठरवलं तर ते फार महागात पडेल. हे एकच कारण पुरेसं आहे की ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या घरात ग्लुकोमीटर हवाच. मीटर हाताशी नसेल तर माणूस शुद्धीत असेपर्यंत तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, नंतर आकडा बघा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, लगेच दवाखाना गाठा.

बरं, पट्टीवर जे प्लस येतात त्याचाही नीट अर्थ घ्यावा लागतो. बाटलीवरचे रंग साधारण असे असतात, लघवीत १०० मिलीला १०० मिलिग्रॅम म्हणजे ट्रेस, २५० म्हणजे एक प्लस, ५०० दोन, १००० तीन, २००० चार. पण हे लघवीतलं प्रमाण आहे, रक्तातलं नाही, आणि ते पाणी किती प्यायलात त्यावर बदलतं. समजा तासाभरात १ ग्रॅम शुगर सांडली. ती १०० मिली लघवीत आली तर पट्टी १००० दाखवेल, तीन प्लस. त्याच माणसाने तेवढ्यात भरपूर ताक-पाणी प्यायलं आणि ५०० मिली लघवी झाली तर तीच १ ग्रॅम पट्टीवर २०० दिसेल, म्हणजे एक प्लसही धड नाही. सांडलेली शुगर तेवढीच. त्यामुळे ‘काल तीन प्लस होतं आज एक प्लस आलं, शुगर उतरली’ असं म्हणता येत नाही. काही जण प्लसवरून इन्सुलिनचे युनिट ठरवायचे, एक काळ होता तेव्हा दुसरं काही घरी मिळतच नव्हतं, आज तसं करायला काहीही कारण नाही.

आता पट्टी खोटं कोरं कधी दाखवते तेही सांगते, कारण थ्रेशोल्ड ओलांडला असूनही पट्टी गप्प बसू शकते. पट्टीवरच्या चौकोनात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि दुसरं एन्झाइम त्या पेरॉक्साइडने रंग पालटवतं. व्हिटॅमिन सी मधेच ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. सर्दीसाठी किंवा इम्युनिटीसाठी ५०० मिलिग्रॅमच्या चोखायच्या गोळ्या रोज घेणारे लोक खूप आहेत, जास्तीचं व्हिटॅमिन सी लघवीतूनच बाहेर पडतं, आणि मग शुगर असूनही पट्टी फिकी येते. काही कंपन्या यावर उपाय म्हणून पट्टीत वेगळं रसायन घालतात पण सगळ्या नाही. शरीर शुगरऐवजी चरबी जाळायला लागलं की किटोन तयार होतात, ते लघवीत खूप असतील तरी शुगरचा रंग कमी दिसू शकतो. लघवी डबीत भरून दोन-तीन तास खिडकीत ठेवली आणि मग लॅबला आणली तर त्यातले जंतू शुगर खाऊन टाकतात, युरिन इन्फेक्शन असेल तर अजूनच लवकर. आणि चौथी गोष्ट, ओलावा. बाटलीच्या झाकणात ओल शोषणारी पुडी असते, झाकण उघडं राहिलं, ओल्या हाताने पट्टी काढली, बाटली बाथरूममध्येच ठेवली, की एन्झाइम मरतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे फार होतं. चौकोनाचा मूळ रंगच नव्या पट्टीपेक्षा वेगळा, मळकट दिसत असेल तर ती बाटली टाकून द्या.

शंका असेल तर घरीच तपासता येतं. केमिस्टकडून साधी ग्लुकोज पावडर आणा, फ्लेवरवाली नको, त्यात बऱ्याचदा व्हिटॅमिन सी घातलेलं असतं. एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात नीट विरघळवा, म्हणजे १०० मिलीला ५०० मिलिग्रॅमच्या जवळपास झालं. पट्टी बुडवा, लगेच बाहेर काढा, कडेला टेकवून जास्तीचं पाणी काढा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेला, बहुतेक पट्ट्यांना शुगरसाठी ३० सेकंद, काहींना ६०, उजेडात रंग बघा. दोन प्लसच्या आसपास यायला हवं. नाही आलं तर पट्ट्या गेल्यात. हा प्रयोग स्वयंपाकघरातल्या साखरेने करू नका, ती सुक्रोज असते, एन्झाइमला फक्त ग्लुकोज कळतं, साखरेच्या पाण्यात चांगली पट्टीही कोरीच राहील आणि तुम्ही उगाच बाटली फेकाल. उलट बाजूने, लघवीची डबी ब्लिचिंग पावडरीने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलेली असेल आणि नीट खंगाळलेली नसेल तर शुगर नसताना रंग येतो, त्यामुळे डबी नवीन कोरडी घ्या.

बाबा अगदीच ऐकत नसतील तर त्यांच्या समोरच त्यांचा थ्रेशोल्ड काढून दाखवा, माझ्या अनुभवात वाद घालण्यापेक्षा हे लवकर पटतं. जेवण झाल्यावर दीड तासाने लघवीला जाऊन यायला सांगा, ती लघवी मोजायची नाही. अर्धा तास थांबायचं, मग परत लघवी घ्यायची, तिला पट्टी लावायची आणि त्याच मिनिटाला बोट टोचून ग्लुकोमीटरचा आकडा घ्यायचा, दोन्ही शेजारी-शेजारी लिहायचे. पहिली लघवी टाकून देण्याचं कारण असं की मूत्राशयात आधीच्या काही तासांचं साठलेलं असतं, दुसऱ्या वेळची लघवी त्यामानाने ताजी, आत्ताच्या शुगरच्या जवळची. असं चार-पाच दिवस वेगवेगळ्या जेवणांनंतर केलं की दिसेल, मीटर १७०, पट्टी कोरी, मीटर १९५, पट्टी कोरी, मीटर २३०, पट्टीवर हिरवट छटा. तो रंग पालटायला सुरुवात होते तो त्यांचा आकडा. हे आकडे त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहू द्या.

एक गोष्ट मात्र त्याआधी बघा. एचबीए१सी ७.८ बघून डॉक्टरांनी औषध वाढवलं असेल तर नवीन गोळीचं नाव ‘ग्लिफ्लोझिन’ने संपतंय का? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली आणि आता गावोगावच्या चिठ्ठ्यांवर ती असते, हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या आजारासाठी तर डायबेटिस नसलेल्यांनाही देतात. ही गोळी वर सांगितलेला एसजीएलटी२ वाहकच बंद पाडते, म्हणजे थ्रेशोल्ड मुद्दाम खाली आणते आणि रोज पन्नास-साठ ग्रॅम किंवा जास्तही शुगर लघवीवाटे जाऊ देते. मग पट्टी दिवसरात्र चार प्लस, रक्तात १२० असलं तरी चार प्लस. माझ्याकडे असे घाबरलेले लोक येतात, ‘नवीन गोळीने शुगर लघवीत उतरली, गोळी बंद केली’ असं सांगतात, आणि प्रत्यक्षात गोळी आपलं काम चोख करत असते. या गोळीवर असलेल्या माणसाने लघवीची शुगर तपासायचीच नाही, त्यातून काहीही कळत नाही. नोकरीच्या किंवा इन्शुरन्सच्या मेडिकलला जाताना ही गोळी चालू आहे हे आधी लिहून द्या, नाहीतर लघवीच्या रिपोर्टवरून शुगर बेकाबू असल्याचा शेरा बसतो.

याच गोळीवर असताना एक धोका असा आहे जो शुगर बघून कळत नाही. उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, फार थकवा, आणि मीटरवर मात्र १८०-२०० च. रक्तात किटोन साठून आम्ल वाढलेलं असू शकतं, आणि शुगर फार नाही म्हणून घरचे आणि कधीकधी दवाखान्यातलेही निवांत राहतात. म्हणून कडक उपास, नऊ दिवसांची नवरात्रं वगैरे करायची असतील तर डॉक्टरांना आधी विचारा, ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला गोळी सांगा, ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. अशा आजारपणात किटोन तपासायचे, शक्यतो रक्तात. लघवीची किटोन पट्टी चालते पण ती किटोनचा एकच प्रकार पकडते आणि जो प्रकार सगळ्यात जास्त वाढतो तो तिला कळत नाही, त्यामुळे लघवीत किटोन कमी दिसले तरी त्रास असेल तर हॉस्पिटल गाठायचंच.

बाबांसाठी माझा सल्ला एवढाच की आठवड्यातून दोन दिवस बोट टोचा, एक दिवस उपाशीपोटी, एक दिवस जेवणाच्या पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी, शिवाय काही वेगळं वाटलं की लगेच. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी. टोचताना बोटाच्या मध्यावर नको, कडेला, तिथे दुखतं कमी, आणि आधी हात साबणाने धुवून कोरडे करा, आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटावर मीटर सहज पन्नास-शंभर जास्त दाखवतो. मीटर आणि लॅबमध्ये थोडा फरक राहणार, १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं मीटरचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, म्हणजे लॅबचा २०० मीटरवर १७५ किंवा २२५ दिसला तर मीटर बिघडला असं समजू नका. आणि एचबीए१सीलाही मर्यादा आहेत, रक्त कमी असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, किंवा गडचिरोली-नंदुरबार पट्ट्यात आढळणारा सिकलसेल घरात असेल तर तो आकडा भलताच येऊ शकतो, तेव्हा साध्या उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या आकड्यांवरच भर द्यावा लागतो.

आता वहिनीचं. उपकेंद्रात सिस्टर जी पट्टी लावतात तिच्यावर बहुतेक दोन चौकोन असतात, एक शुगरचा आणि एक अल्ब्युमिन या प्रोटीनचा, आणि खरं सांगायचं तर दर भेटीला ती लावण्यामागचं महत्त्वाचं कारण अल्ब्युमिन आहे. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रोटीन जायला लागलं तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो, आणि तो पकडायला दोन मिनिटांत, विजेशिवाय, अंगणवाडीच्या ओट्यावरही करता येणारी तपासणी हीच आहे. शुगरचा चौकोन तिच्याबरोबर येतो. त्या चौकोनावर गरोदरपणातल्या डायबेटिसचं निदान करायचं नसतं, दोन्ही बाजूंनी. एकीकडे गरोदरपणात किडनीचं गाळणं जवळपास दीडपट होतं, वाहकांना तेवढी शुगर उचलता येत नाही, त्यामुळे रक्तातली शुगर अगदी नॉर्मल असताना कितीतरी जणींच्या पट्टीवर शुगर दिसते. दुसरीकडे आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात पाजतात, जेवलेली असो वा नसो, आणि दोन तासांनी १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला डायबेटिस धरतात. १४० हा आकडा नेहमीच्या थ्रेशोल्डच्या किती खाली आहे बघा, जिची शुगर १५० आली तिची लघवीची पट्टी कोरी असू शकते आणि बाळाला जास्तीची शुगर मात्र पोचत राहते.

म्हणून वहिनीची पट्टी कोरी आली तरी ग्लुकोज पिऊन करायची रक्ताची तपासणी झाली आहे का ते कार्डावर बघा. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा नॉर्मल आली असेल तर २४ ते २८ आठवड्यांमध्ये परत एकदा. तीच दुसरी तपासणी बऱ्याच जणींची राहून जाते, कारण माहेरी आलेली असते किंवा ‘मागे नॉर्मल होती ना’ म्हणून कुणी आग्रह धरत नाही. आणि पट्टीवर शुगर आली तर घाबरून भात-पोळी बंद करायची नाही, आधी रक्त तपासायचं.

बाकी पट्टी अजून कुठे कुठे वापरतात म्हणाल तर लॅबच्या रुटीन युरिनमध्ये ती आहेच, आणि तिथे कधीकधी उपयोगी धागा सापडतो. तरुण मुलगा, मेडिकलमध्ये लघवीत तीन प्लस शुगर, रक्तात उपाशीपोटी ८८, ग्लुकोज पिऊन ११५, एचबीए१सी ५.२. हा डायबेटिस नाही, त्याचा एसजीएलटी२ वाहक जन्मापासूनच अशक्त आहे, घराण्यात अजून कुणाला तरी सापडतो, आणि नुसतं एवढंच असेल तर औषध लागत नाही. पण त्याच्या फाइलमध्ये हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं, नाहीतर प्रत्येक मेडिकलला नवा घोळ. लघवीत शुगरबरोबर प्रोटीन, फॉस्फेट वगैरेही जात असेल तर मात्र किडनीच्या नळ्यांचाच आजार शोधावा लागतो. जनावरांचे डॉक्टर डायबेटिस असलेल्या कुत्र्या-मांजरांसाठी पट्टी अजून सर्रास वापरतात, कारण मांजर दवाखान्यात नुसत्या भीतीनेसुद्धा रक्तातली शुगर खूप वाढवून बसतं.

आणि जुनी बेनेडिक्टची टेस्ट, ५ मिली निळं द्रावण, लघवीचे ८ थेंब, उकळवायचं आणि निळ्याचं हिरवं, पिवळं, विटकरी होतं का बघायचं, बाबांच्या वयाच्या लोकांना ती कॉलेजच्या लॅबमधून आठवत असेल. शुगरसाठी आता ती कुणी करू नये, व्हिटॅमिन सीनेसुद्धा तिला रंग येतो. पण नवजात बाळ दूध सुरू झाल्यावर उलट्या करतंय, कावीळ उतरत नाहीये, तेव्हा गॅलॅक्टोज नावाची वेगळी शुगर लघवीत आहे का हे बघायला तिचा उपयोग होतो, कारण पट्टीला गॅलॅक्टोज दिसत नाही. अशा बाळाची पट्टी कोरी आणि बेनेडिक्ट विटकरी आली की बालरोगतज्ज्ञ दूध थांबवून पुढच्या तपासण्या लावतात.

लहान मुलांमधली अजून एक जागा आहे जिथे ही पट्टी मला अजूनही हाताशी हवी असते. आठ-दहा वर्षांचं मूल, सारखी तहान, रात्री अंथरूण ओलं करायला परत सुरुवात, चार आठवड्यांत कपडे ढगळ झाले, आणि घरचे म्हणतात जंत झालेत किंवा उन्हाळा आहे. इथे शुगर ३००-४०० च्या पुढे असते, थ्रेशोल्डचा प्रश्नच येत नाही, आणि ग्लुकोमीटर नसलेल्या प्राथमिक केंद्रातही शुगर-किटोनची एक पट्टी मिनिटभरात दोन्ही चौकोन गडद दाखवते. ती तशी आली तर उद्या उपाशीपोटी या असं सांगायचं नाही, त्याच तासाला रक्तातली शुगर बघायची आणि मूल इन्सुलिनची सोय असलेल्या हॉस्पिटलला पाठवायचं.